ताळा जुळला, उत्तर मात्र उलटे: एका असमीकरणाच्या तपासणीचे प्रकरण

अकरावी वाणिज्य शाखेच्या माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीची वही या प्रकरणाच्या मुळाशी आहे. घरी सोडवायला दिलेले असमीकरण तिने नीटनेटके सोडवले होते, शेवटी ताळाही करून पाहिला होता, आणि तो जुळलाही होता. तरीही उत्तर चुकले होते. वही परत मिळाल्यावर तिने विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता: “सर, ताळा बरोबर येतोय, मग उत्तर चुकीचं कसं?” या एका प्रश्नाचे पुरते उत्तर द्यायला मला जवळजवळ अख्खा तास लागला. त्या तासाभरात जे हाती आले ते इथे क्रमाने मांडतो.

दिलेले असमीकरण असे होते:

2 − (3x − 1)/4 < (x + 5)/2

तिने वहीत केलेली मांडणी, ओळींना मी माझ्या सोयीसाठी क्रमांक दिले आहेत, अशी होती:

(१) 2 − (3x − 1)/4 < (x + 5)/2
(२) 8 − 3x + 1 < 2x + 10
(३) −5x < 1
(४) 5x < −1
(५) x < −1/5

दुसऱ्या ओळीत दोन्ही बाजूंना 4 ने गुणले आहे. या ओळीत मुले हमखास अडखळतात ती जागा म्हणजे कंसाबाहेरचे वजा, पण तिने −(3x − 1) चे −3x + 1 असे बिनचूक केले आहे. तिसऱ्या ओळीत पदांची जमवाजमव झाली. चौथ्या ओळीत x चा सहगुणक धन करण्यासाठी तिने दोन्ही बाजूंना −1 ने गुणले, आणि ‘पेक्षा लहान’ ही खूण होती तशीच राहिली. ती तिथे ‘पेक्षा मोठे’ व्हायला हवी होती. खरे उत्तर x > −1/5 आहे, म्हणजे तिने जो भाग उत्तर म्हणून दिला तो नेमका उत्तर नसलेला भाग होता.

आता तिचा ताळा पाहू. समीकरण सोडवल्यावर मिळालेली किंमत मूळ समीकरणात घालून दोन्ही बाजू सारख्या येतात का हे पाहण्याची सवय आपल्याकडे सातवी-आठवीपासून लागलेली असते. तिने तेच केले. x = −1/5, म्हणजे −0.2, ही किंमत घातल्यावर डावी बाजू 2 − (−0.6 − 1)/4 = 2 + 0.4 = 2.4 आली आणि उजवी बाजू 4.8/2 = 2.4 आली. दोन्ही बाजू जुळल्या, म्हणून तिने शेजारी बरोबरची खूण केली आणि पुढच्या उदाहरणाकडे वळली.

पण −1/5 ही किंमत तिच्या उत्तरात मुळात नाहीच. असमीकरणात ‘पेक्षा लहान’ आहे, ‘लहान किंवा समान’ नाही. म्हणून दोन्ही बाजू जिथे समान येतात ती किंमत उकलीबाहेरच राहते आणि केवळ सीमा दाखवते. शिवाय खूण उलटवा किंवा उलटवू नका, सीमा तीच राहते, कारण −5x = 1, 5x = −1 आणि x = −1/5 ही तिन्ही समीकरणे एकच आहेत. खूण उलटवायची राहून गेल्याने सीमेची जागा हलत नाही. बदलते ते एवढेच, की सीमेची कोणती बाजू आपली. त्यामुळे सीमेवर उभे राहून केलेला ताळा ही चूक पकडू शकत नाही. तो ताळा खोटा नव्हता. सीमा कुठे आहे या प्रश्नाचे त्याने खरे उत्तर दिले, पण तिची चूक त्या प्रश्नात नव्हतीच.

दिशेचा प्रश्न विचारायचा तर सीमेपासून बाजूला सरकून एखादी किंमत घ्यावी लागते. इथे x = 0 घेणे सर्वांत सोपे. मूळ असमीकरणात शून्य घातल्यावर डावी बाजू 2 + 1/4 = 2.25 आणि उजवी बाजू 2.5 येते. 2.25 हे 2.5 पेक्षा लहान आहे, म्हणजे शून्य ही किंमत असमीकरण पाळते. तिच्या उत्तरानुसार मात्र शून्य बाहेर पडते, कारण 0 हे −1/5 पेक्षा लहान नाही. जी किंमत मूळ विधान पाळते तीच उत्तरातून गळली असेल, तर उत्तर चुकले हे सांगायला आणखी पुरावा लागत नाही. उलट बाजूनेही तेच दिसते. तिच्या उत्तरात बसणारी x = −1 घेतली तर डावी बाजू 2 + 1 = 3 आणि उजवी 4/2 = 2 येते, आणि 3 हे 2 पेक्षा लहान नाही.

हे पाहिल्यावर तिने एक शंका काढली, आणि ती या प्रकरणातली मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट आहे. “पण सर, −1 मी पण घालून बघितलं होतं, ते बसलं की!” तिने वहीची मागची बाजू दाखवली. तिथे खरोखरच कच्चे काम होते: 5(−1) = −5 आणि −5 < −1. गणित बरोबर, पण किंमत घातली होती चौथ्या ओळीत. चूक चौथ्या ओळीतच शिरलेली असल्यामुळे त्या ओळीपासून पुढचे सगळे एकमेकांशी जुळणारच होते. मूळ ओळ लांबलचक आणि अपूर्णांकांची असते, शेवटची आटोपशीर असते, म्हणून ताळा घ्यायला हात आपोआप शेवटच्या ओळीकडे जातो. पण शेवटच्या ओळीत घेतलेला ताळा फार तर त्या ओळीनंतरचे काम तपासतो, आणि तिथे तपासण्यासारखे बहुधा काही उरलेले नसते. किंमत घालायची ती पहिल्या ओळीत, आणि छापील प्रश्नावरून उतरवताना चूक झालेली असू शकते म्हणून शक्यतो छापील प्रश्नातच.

उत्तर चुकले हे कळल्यावर पुढचा प्रश्न असतो तो नेमके कुठे चुकले याचा. इथे बहुतेक जण सगळे गणित पुन्हा पहिल्यापासून करतात, आणि पुष्कळदा त्याच जागी त्याच सवयीने तीच चूक पुन्हा करतात. त्यापेक्षा हाताशी असलेले शून्यच प्रत्येक ओळीत घालून पाहिले तर काम फार लवकर होते. पहिल्या ओळीत 2.25 < 2.5, खरे. दुसऱ्या ओळीत 9 < 10, खरे. तिसऱ्या ओळीत 0 < 1, खरे. चौथ्या ओळीत 0 < −1, खोटे. पाचव्या ओळीत 0 < −1/5, खोटे. असमीकरण सोडवताना प्रत्येक ओळ आधीच्या ओळीशी समतुल्य असली पाहिजे, म्हणजे कोणतीही एक किंमत सर्व ओळींत खरी तरी ठरली पाहिजे किंवा सर्व ओळींत खोटी तरी. जिथे खऱ्याचे खोटे झाले, ती पायरी चुकली. इथे ते तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मध्ये झाले, आणि तिथेच −1 ने गुणले होते.

चूक का झाली हे विचारल्यावर तिचे उत्तर आले, “चिन्ह बदललंय की मी.” ती खरे बोलत होती. −5x चे 5x झाले होते आणि 1 चे −1 झाले होते. आपण मराठीत अधिक-वजालाही चिन्ह म्हणतो आणि ‘पेक्षा लहान’, ‘पेक्षा मोठे’ यांनाही चिन्हच म्हणतो. “ऋण संख्येने गुणले की चिन्ह बदलते” हे वाक्य फळ्यावर लिहिताना शिक्षकाच्या मनात मधली खूण असते, पण ऐकणाऱ्याला ते पदांच्या चिन्हांबद्दलही वाटू शकते, आणि पदांची चिन्हे तर बदललेली डोळ्यांसमोर दिसत असतात. नियम पाळल्याचे समाधान मिळते आणि अर्धा नियम राहून जातो. हा दोष तिच्यापेक्षा माझ्या वाक्याचा अधिक आहे असे मला वाटते, आणि तेव्हापासून मधल्या खुणेबद्दल बोलताना मी ‘दिशा’ हाच शब्द वापरतो: पदांची चिन्हे बदलतात आणि असमतेची दिशा उलटते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही व्हाव्या लागतात.

दिशा का उलटते, हे तिला संख्यारेषेवर दाखवले. 2 आणि 3 यांत 2 डावीकडे आहे. −1 ने गुणणे म्हणजे शून्यापाशी आरसा धरणे. 2 चे प्रतिबिंब −2 वर पडते, 3 चे −3 वर, आणि आता −3 अधिक डावीकडे आहे. पण तिला अधिक पटले ते दुसरे, ज्यात ऋण संख्येने गुणण्याचा प्रसंगच येत नाही. तिसरी ओळ −5x < 1 आहे. दोन्ही बाजूंत 5x मिळवले तर 0 < 1 + 5x, आणि दोन्ही बाजूंतून 1 वजा केला तर −1 < 5x. मिळवण्याने किंवा वजा करण्याने दिशा कधीच बदलत नाही, तरी 5x आता मोठ्या बाजूला आलेले दिसते. म्हणजे 5x > −1. नियम पाठ नसला तरी उत्तर तेच येते, आणि म्हणून ही वाट एक स्वतंत्र पडताळणी म्हणूनही वापरता येते. फक्त शेवटी −1/5 < x असे आले की घाईत ते x < −1/5 असे उतरवू नये. अव्यक्त उजवीकडे असला की वाचताना खूणही त्याच्याबरोबर फिरवावी लागते.

त्याच गठ्ठ्यात दुसऱ्या एका विद्यार्थ्याची वही होती आणि तिचे उत्तर x > −1/5, म्हणजे बरोबर होते. मी ती वरवर पाहून बाजूला ठेवली असती, पण पहिल्या वहीनंतर ओळी तपासायची सवय अंगात होती. त्याची मांडणी अशी होती: −5x < 1, मग 5x < −1, आणि मग x > −1/5. शून्य घातले तर तिसरी ओळ खरी, चौथी खोटी, पाचवी पुन्हा खरी. त्याने −1 ने गुणताना दिशा उलटवली नव्हती, आणि 5 ने भागताना, जिथे ती उलटवायची नव्हती, तिथे उलटवली होती. विचारल्यावर म्हणाला, “उजवीकडे वजा होता म्हणून.” गुणणारी किंवा भागणारी संख्या ऋण आहे का हे न पाहता ओळीत कुठेतरी वजा दिसला म्हणून खूण फिरवण्याची ही सवय पहिल्या चुकीइतकीच रुळलेली आहे. दोन चुकांनी एकमेकींना झाकले आणि उत्तर अचूक आले. अशा वेळी फक्त शेवटचे उत्तर तपासणारा कोणताही ताळा काहीच सांगू शकत नाही, कारण शेवटच्या उत्तरात चूक नसतेच. ती सापडते ती ओळीओळीने किंमत घातल्यावरच.

सीमेवरचा ताळा मग टाकून द्यायचा का? नाही, कारण बाजूची किंमत जे पाहू शकत नाही ते तो पाहतो. समजा तिने कंस सोडताना चूक करून −(3x − 1) चे −3x − 1 केले असते आणि पुढे दिशा मात्र बरोबर उलटवली असती. मग 7 − 3x < 2x + 10, −5x < 3 आणि शेवटी x > −3/5 आले असते. यात शून्य घातले तर मूळ असमीकरणही खरे आणि उत्तरही खरे, म्हणजे शून्याला काहीच खटकत नाही. पण सीमा म्हणून −0.6 घातली तर डावी बाजू 2 + 2.8/4 = 2.7 आणि उजवी 4.4/2 = 2.2 येते, आणि दोन्ही बाजू जुळत नाहीत. सीमेची जागा चुकली आहे का हे सीमेवरची किंमत सांगते, आणि दिशा चुकली आहे का हे बाजूची किंमत सांगते. दोन्ही मिळून दोन-तीन मिनिटांचे काम आहे.

बाजूची किंमत निवडताना सीमा शून्यावरच येत नसेल तर शून्य घ्यावे, येत असेल तर 1. मोठी ऋण संख्या घेणे मी टाळायला सांगतो, आणि त्याला कारण आहे. −5 आणि −1 यांत लहान कोण या प्रश्नावर गडबड होणारी मुले अकरावीतही असतात, आणि ज्या गोंधळामुळे दिशा चुकली तोच गोंधळ ताळ्यात शिरला तर चुकीवर शिक्कामोर्तब होते. जाता जाता, हीच मुले बारावीत लिनिअर प्रोग्रॅमिंगच्या आलेखात रेषेची कोणती बाजू छायांकित करायची हे ठरवताना आरंभबिंदू घालून पाहणे बिनतक्रार शिकतात. ती युक्ती आणि ही एकच आहे. एका चलाच्या असमीकरणात ती आधीच का शिकवली जात नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

एकच बाजूची किंमत पुरेशी का ठरली, हेही पाहायला हवे, कारण ते सगळीकडे चालत नाही. मूळ असमीकरणात डाव्या बाजूतून उजवी वजा केली तर (−5x − 1)/4 उरते. ही रेषीय राशी आपले चिन्ह आयुष्यात एकदाच बदलते, x = −1/5 ला. म्हणून संख्यारेषेचे दोनच भाग पडतात, आणि एका भागातली एक किंमत तपासली की त्या सबंध भागाचा निकाल लागतो. दुसऱ्या भागाचा निकाल आपोआप उलटा असतो.

पुढच्या आठवड्यात त्याच विद्यार्थिनीने पुढचे असमीकरण दाखवले, आणि तिथे ही मर्यादा समोर आली:

(x + 4)/(x − 1) > 2

तिने दोन्ही बाजूंना x − 1 ने गुणून x + 4 > 2x − 2 केले, त्यावरून x < 6 काढले, आणि या वेळी ताळा मूळ ओळीतच घेतला. सीमा 6 घातली, 10/5 = 2, जुळली. बाजूची किंमत म्हणून 2 घेतली, 6/1 = 6, आणि 6 > 2, तेही जुळले. ओळीओळीने पाहिले तर 2 पहिल्या ओळीत खरे आणि दुसऱ्या ओळीतही खरे. सगळी तपासणी पार पडली, तरी उत्तर चुकलेलेच, कारण x = 0 घेतले तर मूळ ओळीत −4 > 2 असे खोटे विधान मिळते आणि 0 तर 6 पेक्षा लहान आहे.

इथे दिशा उलटवायची राहून गेली ती वजाशिवाय. x − 1 या राशीत ऋण संख्या डोळ्यांना दिसत नाही, पण x जर 1 पेक्षा लहान असेल तर ती ऋणच असते. तिने निवडलेले 2 हे नेमके त्या भागातले होते जिथे x − 1 धन आहे, म्हणजे जिथे तिची पायरी बरोबरच होती. चूक ज्या भागात झाली तिथे ताळा पोचलाच नाही. अव्यक्त असलेल्या राशीने गुणले असेल तर ती राशी शून्य होते ती किंमतही सीमा धरावी लागते. इथे 1 आणि 6 अशा दोन सीमांनी संख्यारेषेचे तीन भाग पडतात, आणि प्रत्येक भागातली एक किंमत मूळ ओळीत घालावी लागते. 0 ला विधान खोटे, 2 ला खरे, आणि 7 ला डावी बाजू 11/6, म्हणजे दोनपेक्षा कमी, म्हणून पुन्हा खोटे.

मग तिने x − 1 धन आणि x − 1 ऋण अशा दोन शक्यता वेगळ्या मांडल्या. पहिलीत x > 1 आणि x < 6 असे दोन्ही मिळाले. दुसरीत दिशा उलटवल्यावर x + 4 < 2x − 2, म्हणजे x > 6 आले, आणि 1 पेक्षा लहान असलेली संख्या 6 पेक्षा मोठी असू शकत नसल्याने ती शक्यता रिकामी राहिली. x = 1 ला छेद शून्य होतो आणि x = 6 ला दोन्ही बाजू समान होतात, म्हणून दोन्ही टोके उत्तराबाहेर ठेवून तिने 1 < x < 6 असे लिहिले. त्याखाली तीन किंमतींचा छोटा तक्ता काढून तिने वही माझ्यासमोर सरकवली.